कॉम्बोवर सहा महिने

अमरावतीत आमचे मोबाइलच्या सामानाचे दुकान होते, तेव्हा दुकानाचा मजकूर लिहिणे हे माझे काम होते. माझा भागीदार माझ्याहून बराच लहान, मूळचा बार्शीटाकळीचा. त्याच्या वडिलांची तिथे घड्याळदुरुस्तीची टपरी होती, आणि बोटांतले ते कसब त्याच्याकडे आपसूक आले होते. फोन खोलणे, काच बसवणे, माल तपासणे, गिऱ्हाइकाशी घासाघीस करणे हे सारे तो करी. मी आधी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. छापखाना बंद पडला तेव्हा हाती आलेले पैसे या दुकानात घातले होते. गल्ला, बिले आणि मजकूर माझ्याकडे. तो मला ‘भाऊ’ म्हणे, मी त्याला ‘भाई’ म्हणे.

ती वर्षे शेतीला वाईट होती. कपाशी बोंडअळीने खाल्ली होती, सोयाबीनला भाव नव्हता. असे दिवस आमच्या काउंटरवर कसे दिसतात ते सांगतो. आधी लोक नवा फोन घ्यायचे थांबतात आणि जुन्यासाठी चार्जर घेतात, तेव्हा आमचा धंदा उलट थोडा वाढतो. मग तेच लोक तुटकी केबल घेऊन येतात आणि म्हणतात, “हिले टेप मारून देता का?” त्या पावसाळ्यात भागीदार दिवसभर केबलींना टेप मारीत होता आणि त्याचे पैसे मागायला आम्हा दोघांनाही संकोच वाटत होता.

गणपतीच्या सुमारास तो मला म्हणाला, “भाऊ, एक गोष्ट सांगून ठेवतो. सुरतले माझ्या बहिणीचे घरवाले हायेत ना, त्यांच्या वळखीच्या मोठ्या दुकानात रिपेरिंगले माणूस पायजे. दिवाळीपर्यंत पायतो. जमलं तं जमलं, नाई तं मी निघतो.”

मी “बरं” म्हणालो. तो गेला तर दुकान बंद होणार हे दोघांनाही ठाऊक होते. मला स्क्रू काढता येत होता, बसवता येत नव्हता.

दिवाळी जमवायची म्हणून आम्ही कॉम्बो काढायचे ठरवले. चार्जर, जादा केबल, ईअरफोन आणि फोनच्या काचेवर बसवायची टेम्पर्ड ग्लास, असा चार वस्तूंचा एक संच. अकोल्याच्या ज्या होलसेलवाल्यांकडून आम्ही माल घेत होतो, त्यांनी एकदम जास्त माल उचलला तर भाव पाडून देतो म्हटले. म्हणून गणपतीतच सगळा माल आणून फळीवर रचून ठेवला. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी होती आणि मी ती लक्षात ठेवली नाही.

दसऱ्याच्या आधी भागीदाराने चारही वस्तू जांभळ्या मखमली कापडावर मांडल्या, बाजूला झेंडूची दोन फुले ठेवली आणि फोटो काढला. “आता खाली लिवा,” तो म्हणाला. “समोरच्या दुकानवाल्यानं दोन हजाराचा माल पाचशेत म्हणून टाकलं हाय.”

“आपला माल कितीचा आहे?”

“डब्यावरची किंमत जोडा ना.” त्याने डबे माझ्यासमोर ओळीने उभे केले. “चार्जर पाचशे नव्याण्णव. केबल एकशे नव्याण्णव. ईअरफोन तीनशे नव्याण्णव. ग्लास दोनशे नव्याण्णव.”

बेरीज चौदाशे शहाण्णव झाली. आमच्या कॉम्बोची किंमत तीनशे नव्याण्णव. म्हणजे एक हजार सत्त्याण्णव रुपयांची बचत, त्र्याहत्तर टक्के सूट. हिशेब चोख होता. त्यात खोटे एवढेच होते, की या डब्यावरच्या किमतीला त्या बाजारात कोणीही, कधीही, एकही चार्जर विकलेला नव्हता. आम्ही तो रोज अडीचशेला देत होतो.

मी तरीही ती बेरीज लिहिली. मग शेवटी एक वाक्य माझ्या मनाने जोडले. छापखान्याची सवय, मजकुराचा शेवट भक्कम असावा असे मला नेहमी वाटे. सगळे मिळून असे झाले:

“दसरा-दिवाळी धमाका! ₹१४९६ चा माल फक्त ₹३९९ मध्ये. चार्जर, जादा केबल, ईअरफोन, ग्लास. ७३ टक्के सूट. आणि कॉम्बोवर सहा महिन्यांची वॉरंटी.”

सहा महिने फक्त चार्जरला होते. केबलला एक महिना होता. ईअरफोन काउंटरवरच दोन्ही कानांनी ऐकून घ्यायचा, दुकानाबाहेर गेला की वॉरंटी संपली. ग्लासला एकदा लावल्यावर काहीच नव्हते. हे मला माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही. दुकानात रोज दहा वेळा भागीदार ते तोंडाने सांगे आणि मी शेजारी बसून ऐकत असे. पण “चार्जरला सहा महिने, केबलला एक, बाकीच्यांना नाही” यात मला लय सापडेना. “कॉम्बोवर सहा महिन्यांची वॉरंटी” हे वाक्य कानाला भरीव लागले. ते खरे आहे का, हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनात आलाच नाही. मजकूर तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने फक्त काना-मात्रा तपासल्या.

भागीदाराने मजकूर न वाचताच स्टेटसला टाकला आणि ओळखीच्या पोरांना पाठवला. त्या पोरांनी तो आपापल्या गावच्या ग्रुपवर सोडला. दसऱ्याच्या दिवशी दुकानासमोर जी रांग लागली, ती त्यापूर्वी आम्ही पाहिली नव्हती. मूर्तिजापूरकडची माणसे होती, नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यात पाळीवर जाणारी मुले होती, बाजारात फुले विकून घरी निघालेल्या बाया होत्या. भागीदार ग्लास बसवता बसवता माझ्याकडे पाहून हसला. “भाऊ, तुमच्या लिवण्यात दम हाय.”

ते ऐकून मला बरे वाटले. ते बरे वाटणे मला अजून आठवते, आणि आठवले की थोडे अवघडल्यासारखे होते.

आठवडा झाला असेल. दुपारच्या वेळी एक बाई आली. झेंडू आणि शेवंती पिकवणारे कुटुंब होते तिचे; दसऱ्याला फुले विकून जाताना तिने मुलीसाठी कॉम्बो नेला होता. तिने सगळे पुडके जसेच्या तसे काउंटरवर ठेवले.

“भाऊ, हे कानातलं एका कानात बोलते, एका कानात मुकं.”

भागीदाराने ईअरफोन लावून पाहिला. “हो, गेली एक बाजू. पण मावशी, ईअरफोनले वॉरंटी नसते. तुमाले दोन्ही कानात वाजवून देल्ला होता ना मी?”

“देल्ला होता.”

“मंग?”

“मंग काय? तुमीच लिवलं ना सहा महिने.” तिने फोन पुढे केला. गावच्या ग्रुपवर आलेला आमचाच फोटो, झेंडूच्या फुलांसकट. “पोरीनं वाचून दाखवलं मले. कॉम्बोवर सहा महिने. हे कानातलं कॉम्बोत हाय का नाई?”

“हाय, पण...”

“हाय तं मंग पण कायचा?”

भागीदाराने फोन हातात घेतला आणि आमचा मजकूर पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. मी खुर्चीवर बसून त्याचा चेहरा पाहत होतो. त्याने फळीवरून नवा ईअरफोन काढला, दोन्ही कानांत वाजवला, तिच्या हातात दिला.

“घ्या मावशी. चूक आमची हाय.”

“तुमची नसन तं कोनाची असन?” ती म्हणाली, आणि आता भांडण संपल्यामुळे हसली. “चहा तं पाजत नाई तुमी.”

“चहाची वॉरंटी नाई मावशी, थंडा झाला का गेला.”

ती गेल्यावर त्याने तिच्या पुडक्यात होता तसाच दुसरा चार्जर फळीवरून काढला, उलटा केला आणि मागचे छोटे स्टिकर पाहिले. होलसेलवाले माल देताना प्रत्येक चार्जरवर एक कागदी स्टिकर लावतात. त्यावर बारा महिन्यांचे आकडे आणि दोन-तीन वर्षे छापलेली असतात. माल दुकानदाराला दिला त्या महिन्यावर ते पेनाने खूण करतात, आणि त्यांची वॉरंटी त्या खुणेपासून मोजतात. गिऱ्हाइकाने कधी घेतला याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. एरवी आम्ही थोडा थोडा माल आणत असल्यामुळे खूण आणि विक्री यांत फारसे अंतर पडत नसे. या वेळी सगळ्या चार्जरांवर गणपतीच्या महिन्याची खूण होती.

“म्हणजे दिवाळीले घेणाऱ्याले चारच महिने,” तो म्हणाला. “अन् तुमी सगळ्यालेच सहा देऊन बसले. केबलले, कानातल्याले, काचेले.”

“मी चुकलो, भाई.”

“चुकलो म्हणून काय होते? ते गावागावात गेलं. स्टेटस काढता येते, ग्रुपवरलं कसं काढाव?” त्याने चार्जर खाली ठेवला. थोडा वेळ टेप लावलेल्या केबलींकडे पाहत राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, “या स्टिकरचे रोल भेटतेत बाजारात. आपुनच नवीन लावले अन् दिवाळीच्या महिन्यावर खूण केली, तं अकोल्यावाल्याले काय समजते?”

मी लगेच ‘नको’ म्हणालो नाही. हे मला सांगितले पाहिजे. मी काही क्षण त्या उपायाकडे पाहिले, आणि तो उपाय मला सोयीचा वाटला. कारण त्यात माझे वाक्य खरे ठरत होते. मग वाटले, एका वाक्याची अब्रू राखण्यासाठी आपण दुसऱ्याच्या सहीशी खेळायला निघालो आहोत.

“मी उद्या अकोल्याला जातो,” मी म्हणालो. “त्यांनाच विचारतो.”

“ते ओरडतीन.”

“ओरडू दे. लिहिले मी आहे.”

तो हसला नाही, पण उठला आणि शिल्लक चार्जरांचे दोन झोळे भरू लागला. “खाली हातानं जाऊ नका. माल समोर असला तं माणूस लवकर नाई म्हणत नाई.”

अकोल्यापर्यंतचा रस्ता तेव्हा खोदून ठेवलेला होता. झोळे मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसलो आणि तिथे काय बोलायचे याची वाक्ये मनात रचत राहिलो. बोरगावच्या पुढे माझ्या लक्षात आले की मी पुन्हा वाक्येच रचतो आहे. मग मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

होलसेलवाले वयस्क गृहस्थ होते, चष्मा कपाळावर सरकवून ठेवणारे. मी काही सांगण्याआधी फोन त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा खाली ओढून मजकूर वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

“हे कोनाले इचारून लिवलं?”

“कोणालाच नाही.”

“वॉरंटी माझी, अन् तोंड तुमचं?” त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते शब्द अधिक लागले. “साहेब, तुमी शिकेल सवरेल माणूस. ईअरफोनले सहा महिने साऱ्या बाजारात कोन देऊन राहिलं, सांगा. कानाले घाम येते, वायर खिशात गुतते, ओढल्या जाते. आज चांगला, उद्या बंद. त्यात कंपनी मले देत नाई, मी तुमाले कुठून देऊ?”

“मला ईअरफोनचे मागायचे नाही. ते आमचे आम्ही पाहू. चार्जरचे विचारायला आलो.” मी झोळे उघडले. “हे अजून विकले गेलेले नाहीत. खूण गणपतीच्या महिन्याची आहे.”

त्यांनी एक चार्जर उचलून स्टिकर पाहिले. मग नोकराला हाक मारून स्टिकरचा रोल मागवला.

“विकले नसतीन तं खूण बदलून देतो. माल मायाच हाय, खूण मायी हाय. या महिन्यापासून सहा. पण विकलेल्या मालाले जी खूण हाय तीच राहीन. त्याच्यावरचे दोन महिने तुमाले भोगा लागतीन.”

“मान्य आहे.”

“अन् आणखी आयका.” त्यांनी चष्मा पुन्हा वर सरकवला. “बंद पडला तं बदलून देतो. जळाला तं नाई. पाणी गेलं, वायर कापली, पिन वाकली, तं नाई. खेड्यात व्होल्टेज कसं रायते तुमाले माईत हाय. मोटार चालू झाली का चार्जर धूर सोडते. त्याची वॉरंटी मी नाई देत, कोनी नाई देत. हे लिवा. सहा महिने लिवता, ते लिवाले कावून लाजता?”

त्यांनी स्वतः बसून जुनी स्टिकरे नखाने काढली, नवी लावली, एकेका चार्जरवर खूण केली. मी शेजारी बसून डबे उघडून देत गेलो आणि मिटून घेत गेलो. निघताना त्यांनी भागीदाराची चौकशी केली. तो सुरतेला जायचे म्हणतो आहे, हे मी सांगितले. “चांगला हात हाय त्याचा,” ते म्हणाले. “जाऊ देऊ नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान झाडून झाल्यावर, आम्ही नवा मजकूर लिहायला बसलो. या वेळी तो माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसला आणि प्रत्येक ओळीवर बोलला.

“चौदाशे शहाण्णव काढू या,” मी म्हणालो.

“काढा. पण समोरचा दोन हजार म्हणते अन् आपुन काय म्हनाव?”

“आपण रोज जे घेतो ते. चार्जर किती?”

“अडीचशे.”

“केबल?”

“ऐंशी. अन् लिवा, डब्यातली केबल वेगळी, हे जादाची हाय. नाई तं म्हनतीन, डब्यातलीच केबल मोजून राहिले.”

“ईअरफोन?”

“एकशे वीस. ग्लास लावून शंभर.”

मी बेरीज केली. साडेपाचशे. वजा तीनशे नव्याण्णव, एकशे एक्कावन. त्याने टक्केवारी विचारली. सत्तावीसच्या थोडी वर येत होती.

“त्र्याहत्तरचे सत्तावीस झाले,” तो म्हणाला. “उलटेच झाले, भाऊ.”

“टक्के लिहूच नयेत. रुपये लिहू. माणूस रुपये देतो, टक्के देत नाही.”

“हे मात्र बरोबर बोलले.”

वॉरंटीच्या ओळी त्याने सांगितल्या आणि मी लिहून घेतल्या. कुठेही भर घातली नाही. शेवटी फोटोखाली गेला तो मजकूर असा:

“दिवाळी कॉम्बो: ₹३९९
चार्जर (डब्यात एक केबल आहेच): ₹२५०
जादा केबल: ₹८०
ईअरफोन: ₹१२०
टेम्पर्ड ग्लास, लावून: ₹१००
आमच्या दुकानात सुटे घेतल्यास: २५० + ८० + १२० + १०० = ₹५५०
कॉम्बोत वाचतात: ५५० − ३९९ = ₹१५१
वॉरंटी प्रत्येक वस्तूची वेगळी आहे. चार्जर: बिलाच्या तारखेपासून ६ महिने. दोन्ही केबली: १ महिना. ईअरफोन: दुकानात दोन्ही कानांनी ऐकून घ्या, नंतर वॉरंटी नाही. ग्लास: लावताना तडकली तर आम्ही दुसरी देऊ, नंतर नाही.
बंद पडल्यास तीच वस्तू बदलून मिळेल, पैसे परत नाहीत. जळालेली, पाण्यात गेलेली, कापलेली, पिन वाकलेली वस्तू वॉरंटीत नाही. बिल आणा, स्टिकर काढू नका.
आधीच्या मेसेजमध्ये सगळ्या कॉम्बोला सहा महिने लिहिले होते. ती आमची चूक. तो वाचून ज्यांनी कॉम्बो नेला, त्यांच्या चार्जरलाही बिलापासून सहा महिने देऊ, आणि त्यांचा ईअरफोन बंद पडला असेल तर दिवाळीपर्यंत एकदा बदलून देऊ.”

भागीदाराने तो वाचला, वर-खाली सरकवला, पुन्हा वाचला. “खरं हाय सगळं,” तो म्हणाला. “पण एवढं कोन वाचते, भाऊ? ही तं तहसीलची नोटीस झाली.”

“मग काय कापू?”

“कापू नका. थांबा.” त्याने फोन तोंडाजवळ धरला आणि बटण दाबून बोलू लागला. मी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहू शकत नाही, पण साधारण असे होते:

“राम राम, सलाम, जय भीम, सगळ्यायले. मी कॉम्बोवाला बोलून राहिलो, काच लावते तोच. आयका. चार वस्तू सुट्या घ्याल तं साडेपाचशे, आपल्याकडे चारशेले एक कमी. दीडशे वाचले, एक रुपाया वरून. चार्जर सहा महिने, मी बसलो हाय. केबल एक महिना. कानातलं इथीच वाजवून घ्या, बायकोले वाजवून दाखवा, मंग घरी न्या. घरी गेल्यावर माया नावानं वाजवू नका. जळालं, भिजलं, कुत्र्यानं चावलं, तं मी काई करू शकत नाई. अन् मांगच्या मेसेजमंदी आमचं चुकलं होतं. ज्यायनं तवा नेलं, त्यायनं कानातलं दिवाळीपर्यंत घेऊन या, भांडाले येऊ नका, चहा पाजतो.”

त्याने बटण सोडले. मी म्हणालो, “हे माझ्यापेक्षा चांगले झाले.”

“लिवलं तुमीच ना,” तो म्हणाला, आणि फोटो, मजकूर आणि आवाज तिन्ही एकदम पाठवले.

विक्री दसऱ्यासारखी झाली नाही. समोरच्या दोन हजारवाल्याकडे दिवाळीच्या आठवड्यात आमच्याहून जास्त गर्दी होती. आम्हाला ती दिसत होती. पण आमच्याकडे आलेले गिऱ्हाईक ईअरफोन स्वतः मागून दोन्ही कानांत लावी. काहीजण त्याचा आवाज ऐकून आले होते आणि त्याला पाहायला आल्यासारखे पाहत. “तुमीच का कुत्र्यावाले?” एकाने विचारले. जुना मजकूर घेऊन येणारेही येत राहिले, कारण ग्रुपवर गेलेली गोष्ट कुठल्या ना कुठल्या फोनमधून पुन्हा वर येते. त्यांना ईअरफोन बदलून देताना मी बिल लिही आणि भागीदार चहा सांगे. भाऊबीजेपर्यंत फळीवर काही संच उरलेच. त्यांच्याकडे पाहून दिवाळी जमली असे म्हणता येत नव्हते, नाही जमली असेही नाही.

भाऊबीज झाल्यावर एका सकाळी सुरतेहून फोन आला. तो दुकानातच बोलला, एका फोनची मागची काच उचकटत. माझ्या कानावर त्याच्याच बाजूचे बोलणे पडले.

“हाँ जीजाजी... नहीं, नहीं आ सकता अभी... छह महीने बोला है मैंने सबको... हाँ, मैंने, अपनी आवाज़ में... अरे काग़ज़ का नहीं है जीजाजी, आवाज़ का है.”

त्याने फोन ठेवला. मी म्हणालो, “भाई, तू जा. बदलून द्यायचे तेवढे मी देईन. बिले माझ्याकडे आहेत.”

“तुमाले समजते का, बंद पडला का जळाला?”

“समजून घेईन.”

त्याने फळीवरून एक जुना, मेलेला चार्जर काढून माझ्या हातात दिला. “सांगा मंग.”

मी तो उलटा-सुलटा केला. नाकाशी नेला. काळा डाग कुठे दिसला नाही. “बंद पडलेला,” मी म्हणालो.

“जळेल हाय. पिनीच्या बाजूनं पाहा, प्लास्टिक फुगलं.” त्याने तो परत घेतला. “हा तुमी बदलून देल्ला असता अन् अकोल्यावाल्यानं तो तुमच्या तोंडावर मारला असता. असे महिन्याले किती? अन् जो खरंच बंद पडला, त्याले तुमी परत पाठोलं असतं. लोक कोनाले शिव्या देतीन? मले. आवाज माया हाय.”

तो राहिला. हिवाळाभर चार्जर येत गेले. शेतातल्या खोपटात लावलेले, कारखान्याच्या खोल्यांत लावलेले. तो प्रत्येक चार्जर पाहून सांगे, हा बंद, हा जळालेला. बंद पडलेले बदलून देई. जळालेल्यांच्या मालकांशी न चिडता वाद घाली आणि नवा चार्जर खरेदीच्या भावात देई. विकलेल्या मालाचे वरचे दोन महिने आम्ही भोगले, ठरल्याप्रमाणे. ते अंगावर आले, पण मोडण्याइतके नाही. त्या काळात टेप मारायच्या केबलींबरोबर मोठी रिपेरिंगची कामेही येऊ लागली. ईअरफोन वाजवून घेणारे लोक आता फोनही त्याच्या हाती विश्वासाने देत.

दिवाळीपासूनचे सहा महिने वैशाखात संपले. लग्नसराईची गर्दी होती. मी त्याला आठवण करून दिली. “भाई, मुदत झाली. सुरतेला विचार आता.”

“इचारलं,” तो म्हणाला. त्याच्या हातात कुणाचा तरी उघडलेला फोन होता आणि तो भिंगातून आत पाहत होता. “होळीलेच. त्यायनं माणूस ठेवला. चांगला हाय म्हनतेत, त्यायच्याच गावचा.”

त्या पगाराचा आकडा त्याने मला एकदा सांगितला होता. आमच्या दुकानातून त्याला तेवढे कधीच मिळाले नसते, पुढेही मिळाले नाही. माझ्या एका भरीव वाक्यामुळे तो सहा महिने अडकला आणि त्या सहा महिन्यांत ती जागा गेली. दुकान वाचले, हे खरे. ते कोणाच्या वाट्यातून वाचले, याचा हिशेब मी आजवर अनेकदा मांडला आहे. बेरीज कुठून करायची हेच ठरत नाही. डब्यावरच्या किमतीपासून धरली तर एक उत्तर येते, रोजच्या भावापासून धरली तर दुसरे.

“वाईट वाटते का, भाई?” मी विचारले.

“वाटते ना.” त्याने भिंग डोळ्यावरून काढले आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिले. “पण भाऊ, गिऱ्हाईक उभं हाय मांगं. जरा सरका.”